प्रश्न उघडा आहे

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चारशेच्या वर माणसं आहेत आणि ती सगळी एकमेकांची स्पर्धक आहेत. सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत इथले हे करसल्लागार. बाजारपेठ तीच, अडते तेच, आणि गेल्या वर्षी माझ्याकडे असलेला हळदीचा व्यापारी यंदा कुणाच्या खुर्चीसमोर बसून माझ्या फीबद्दल काय बोलतो, हेही मला साधारण ठाऊक असतं. पण वीस तारखेच्या संध्याकाळी जीएसटीचं पोर्टल गोल गोल फिरायला लागलं की हीच माणसं एकमेकांना विचारतात, ‘तुमच्याकडे चालू आहे का?’ कुणाकडेच चालू नसतं. तरी ते एकमेकांकडून ऐकल्यावर बरं वाटतं.

मी या ग्रुपची ॲडमिन आहे. आम्ही तिघं आहोत, पैकी एक विट्याचे सर आणि एक मिरजेचे मित्र. ॲडमिनपद ही आमच्या व्यवसायातली एकमेव जागा असावी जिच्यासाठी कुणी अर्ज करत नाही, फी मिळत नाही, आणि मुदतवाढीची अधिसूचनाही निघत नाही. पूर्वी याला भीतीही चिकटलेली असायची. कुणी काही भलतंसलतं टाकलं तर पोलीस ॲडमिनला धरतात, असं सगळे म्हणायचे. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्यात ॲडमिनचा समान हेतू किंवा आधीपासूनचा कट दिसत नसेल तर, निव्वळ ॲडमिन म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. सभासद घेणे आणि काढणे, एवढाच त्याचा अधिकार. निकाल वाचून मला हायसं वाटलं आणि थोडा अपमानही वाटला. एवढाच अधिकार?

तसा तो एवढाच आहे. आणि काढण्याचा अधिकार तर मुळीच वापरण्याजोगा नाही. जिल्ह्याच्या गावात एखाद्याला ग्रुपमधून काढलं, की पुढच्या लग्नसराईत तो तुमच्याच पंगतीला समोर बसलेला असतो. म्हणून आमचं सगळं शासन खाजगीत चालतं. ग्रुपवर कुणाला टोकायचं नाही, एवढा एक अलिखित नियम आम्ही तिघांनी स्वतःसाठी केलेला आहे. लिखित नियम आहेत ते सभासदांसाठी.

सुरुवातीला त्या नियमांची एक घटनाच होती. पोटकलमं होती, ‘वारंवार उल्लंघन केल्यास’ अशी भाषा होती, कारण लिहिणारे सगळे कायद्याचे लोक. ती कुणी वाचली नाही. आम्ही स्वतःही नाही. आता वर्णनात पाच वाक्यं आहेत. प्रश्न पूर्ण लिहा. क्लायंटची ओळख झाका. उत्तराला आधार द्या, नसेल तर ‘ऐकीव’ असं लिहा. शुभेच्छा, जाहिराती आणि अधिकाऱ्यांची नावं इथे नकोत. आणि काम झाल्यावर काय झालं ते कळवा.

शुभेच्छांचं आधी उरकते, कारण लोकांना वाटतं ॲडमिनचा खरा छळ तोच. नाही. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये कम्युनिटीची सोय दिली, तेव्हा आम्ही तीन खोल्या केल्या. एक घोषणांची, जिथे फक्त आम्ही तिघं लिहितो. एक प्रश्नोत्तरांची. आणि एक ‘कट्टा’, जिथे सूर्योदय, गुलाब, सुविचार, वाढदिवस सगळ्याला मोकळीक. पहिला आठवडाभर कट्ट्यावर गुलाबांचे ढीग पडले. मग ते कमी झाले आणि महिनाभरात बंदच पडले. सुप्रभात म्हणणाऱ्याला सुप्रभात म्हणणाऱ्यांमध्ये रस नसतो. ज्याचं लक्ष दुसरीकडे आहे अशा माणसाला गाठून त्याच्या हातात गुलाब ठेवण्यातच त्याची मजा असते. कट्ट्यावर गाठायला कुणी उरलंच नाही.

श्रद्धांजलीचं मात्र इतकं सोपं नव्हतं. एखाद्या ज्येष्ठ सल्लागाराचं निधन झालं, की शंभर-सव्वाशे जण एकेक ओळ लिहितात, आणि तसं त्यांनी लिहावंच. पण त्या ओळींच्या खाली, त्याच दिवशी मुदत संपणारा एखाद्याचा प्रश्न गाडला जातो. आम्ही आता निधनाची बातमी घोषणांच्या खोलीत टाकतो आणि लोक तिथे हात जोडलेली खूण करतात. एका मॅडमनी मला फोन करून सांगितलं, ‘तीस वर्षांच्या ओळखीला एक अंगठ्याएवढं चित्र?’ त्यांचं बरोबर होतं. त्यांनी मग त्या सरांवर दीड पानी मजकूर लिहिला, आम्ही तो घोषणेत लावला. ग्रुपवर आजवर आलेल्या मजकुरांत तो सगळ्यात नीट वाचला गेला असावा.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे प्रश्न. व्यावसायिक ग्रुप चांगला की वाईट हे उत्तरांवरून ठरतं, असा समज आहे. माझं मत वेगळं आहे. उत्तरं देणारी माणसं सगळीकडे असतात. आमच्याकडे तर उत्तर देण्याची उबळ आवरत नाही असे निदान चाळीस लोक आहेत. अडतं ते प्रश्नापाशी.

एक उदाहरण तपशिलात सांगते. एका सकाळी दहा वाजता निरोप आला. ‘नोटीस आली आहे. काय करावे? अर्जंट.’ खाली स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात फॉर्मचं नाव अर्धं कापलेलं, पण दुकानाचं नाव आणि जीएसटी क्रमांक ठळक. लगेच उत्तरं सुरू झाली. एकाने लिहिलं, ‘मुदत मागून घ्या.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘पैसे भरून टाका, कटकट मिटवा.’ तिसऱ्याने नुसतं ‘कलम १६(४) पहा’ असं लिहिलं. हे गृहस्थ कुठल्याही प्रश्नाला कलम १६(४) पहा म्हणतात. जुन्या बिलांचं क्रेडिट किती तारखेपर्यंत घेता येतं ते सांगणारं हे कलम आहे, आणि आमच्या व्यवसायात ते इतक्या ठिकाणी आडवं येतं, की दहातल्या तीन वेळा त्यांचं उत्तर बरोबर ठरतं. आणि चौथ्याने लिहिलं, ‘फोन करा.’

फोटोचं आधी बघावं लागतं. जीएसटी क्रमांक म्हणजे नुसता क्रमांक नव्हे. पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची, आपल्याकडे २७, आणि पुढची दहा म्हणजे त्या माणसाचा किंवा संस्थेचा पॅन. म्हणजे फोटो टाकणाऱ्याने चारशे स्पर्धकांना आपल्या क्लायंटचं नाव, त्याचा पॅन आणि तो सध्या अडचणीत आहे ही बातमी, तिन्ही एकदम दिलं. ॲडमिनला दुसऱ्याचा निरोप पुसता येतो. पण पुसल्यावर तिथे अमुक ॲडमिनने पुसला अशी ओळ उरते, आणि गावात त्या ओळीचा अर्थ कानफटात दिली असा होतो. त्यामुळे मी त्यांना फोन केला. स्वतःचा निरोप स्वतः सगळ्यांसाठी पुसायला दोन दिवसांहून थोडा जास्त अवधी असतो, हे अनेकांना माहीतच नसतं. त्यांनी तो पुसला. मग त्यांना म्हटलं, आता चार गोष्टी लिहून परत टाका. फॉर्म कोणता, कालावधी कोणता, मुदत कधीपर्यंत, आणि तुम्ही आतापर्यंत काय तपासलं. ते म्हणाले, ‘मॅडम, एवढं सगळं लिहायला वेळ असता तर प्रश्न कशाला विचारला असता?’

तरी अर्ध्या तासाने त्यांनी लिहिलं, आणि आता प्रश्न असा झाला: ‘डीआरसी-०१सी, ऑक्टोबर महिना, सात दिवसांची मुदत, त्यातले चार गेले. ३बी मध्ये घेतलेलं क्रेडिट २बी पेक्षा सुमारे दोन लाखांनी जास्त दिसतं. बिलं तपासली, सगळी खरी आहेत. एका पुरवठादाराचे पैसे उशिरा दिले होते म्हणून मागच्या वर्षी क्रेडिट उलटवलं होतं, ते या महिन्यात परत घेतलं आहे.’

ज्यांचा या भानगडींशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २बी म्हणजे पुरवठादारांनी काय काय विकल्याचं दाखवलं त्यावरून पोर्टल दर महिन्याला बनवतं ते क्रेडिटचं पत्रक. ३बी म्हणजे आपण भरतो ते विवरण. आपण २बी पेक्षा बरंच जास्त क्रेडिट घेतलं, तर यंत्रणा आपोआप विचारते, का? ते विचारणं म्हणजे डीआरसी-०१सी. सात दिवसांत कारण द्यायचं किंवा पैसे भरायचे. दोन्ही केलं नाही तर पुढच्या कालावधीचं विक्रीचं विवरण, म्हणजे जीएसटीआर-१, भरताच येत नाही. ते अडकलं की आपल्या गिऱ्हाइकांचं क्रेडिट अडकतं आणि त्यांचे फोन सुरू होतात.

नवा प्रश्न वाचताच ग्रुपचा सूर बदलला. ‘पैसे भरून टाका’ म्हणणारे गप्प झाले, कारण प्रश्नातच अर्धं उत्तर होतं. कायदा सांगतो, की पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावरचं क्रेडिट उलटवायचं, आणि पैसे दिल्यावर ते परत घ्यायचं. परत घेताना ते बिल या महिन्याच्या २बी मध्ये कसं असेल? ते जुनं आहे. म्हणजे फरक दिसणारच, आणि तो रास्त आहे. तेवढ्यात आमच्या गृहस्थांनी पुन्हा लिहिलं, ‘कलम १६(४) ची मुदत संपली असेल.’ या वेळी शंका खरंच योग्य जागी होती. त्यावर तासगावच्या एक मॅडम, ज्या वर्षातून चार-पाच वेळा लिहितात, त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: ‘नियम ३७(४). परत घेताना १६(४) ची मुदत लागू नाही.’ खाली त्यांनी विचारलं, ‘परत घेतलेली रक्कम ४(डी)(१) मध्ये दाखवली आहे का?’ प्रश्नकर्त्याने पाहिलं. दाखवली होती. मग उत्तरात तेच कारण लिहायचं, उलटवल्याचा महिना, पैसे दिल्याची तारीख आणि ३बी मधला रकाना सांगायचा, असं ठरलं. अकरा वाजून काही मिनिटांनी सगळं संपलं होतं.

त्याच माणसाला, त्याच नोटिशीला, तासाभरापूर्वी पैसे भरून मोकळं व्हा असा सल्ला मिळाला होता. दोन लाख रुपये! प्रश्न अर्धवट असला, की उत्तर देणारा उरलेला अर्धा भाग आपल्या शेवटच्या क्लायंटवरून भरून काढतो. ज्याच्या क्लायंटने खरोखर बोगस बिलं लावली होती तो म्हणतो पैसे भरा. ज्याला अधिकाऱ्याने नुकतीच मुदत दिली तो म्हणतो मुदत मागा. (जिथे विचारणारंच यंत्र आहे, तिथे मुदत कुणाकडे मागणार?) सगळे प्रामाणिक असतात. फक्त प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत असतो.

‘फोन करा’ हे उत्तर तर मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, आणि ते नेहमी सगळ्यात सज्जन माणसाकडून येतं. तो खरोखर फोनवर वीस मिनिटं घालवतो, नीट समजावतो. विचारणाऱ्याचं काम होतं. पण बाकी चारशे जणांच्या हाती ‘फोन करा’ एवढंच ज्ञान उरतं, आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न दुसरा कुणी विचारतो. आम्ही त्यावर बंदी घातली नाही. सज्जन माणसाला फोन करू नका असं कसं सांगणार? एवढंच ठरवलं, की फोन झाल्यावर विचारणाऱ्याने उत्तर एका ओळीत ग्रुपवर लिहायचं. ते लिहिलं नाही तर तिघांपैकी एक जण संध्याकाळी खाजगीत विचारतो, ‘काय ठरलं?’ या दोन शब्दांवर आमचं निम्मं प्रशासन चालतं.

ओळख झाकण्याच्या नियमामागे आणखी एक प्रसंग आहे. पूर्वी आमच्याकडे आमंत्रणाची लिंक होती आणि ती ज्याला मिळेल तो आत यायचा. एक होलसेल व्यापारी असाच आत आला आणि काही महिने गुपचूप वाचत होता. एके दिवशी त्याच्याच सल्लागाराने, नाव न घेता, पण व्यवसाय, तालुका आणि घोळ यांसकट त्याचं प्रकरण मांडलं आणि शेवटी लिहिलं, ‘क्लायंट फार डोकं खातो.’ खाली उत्तर आलं, ‘डोकं खाण्याचे पैसे देतो मी.’ पुढचे दोन तास ग्रुपवर कुणीही काहीही विचारलं नाही. आता लिंक नाही. कुणीतरी सभासद ओळख देतो, आम्ही नोंदणी क्रमांक पाहतो आणि मग मंजुरी देतो. तरीही नव्या माणसाला आम्ही हेच सांगतो, की आपला क्लायंट हे वाचतो आहे असं समजून लिहा. झाकलेल्या प्रश्नाचाही कुणी फोटो काढून पुढे पाठवू शकतो, आणि त्याला कुठलंही सेटिंग पुरत नाही.

आधाराचा नियम मात्र आम्हाला बेदाण्याने शिकवला. २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली. संध्याकाळी पत्रक आलं. देशभर लोक पॉपकॉर्नच्या करावर विनोद करत होते. पण त्याच पत्रकात मिरी आणि बेदाण्याबद्दल एक ओळ होती, आणि आमच्या जिल्ह्यात ती ओळ पेटली. तासाभरात ग्रुपवर निरोप आला, ‘बेदाणा जीएसटीमुक्त!!!’ शेजारी दुहेरी बाण, म्हणजे हा निरोप पाच किंवा त्याहून जास्त हात फिरून आलेला. पाठोपाठ आणखी तीन तसेच. रात्री नऊपर्यंत तासगावचे दोन व्यापारी आपापल्या सल्लागारांना विचारत होते, की उद्यापासून बिलात पाच टक्के लावायचे की नाहीत.

आमच्या भागात बेदाण्याचे सौदे चालतात, तिथे व्यापारी मूठभर माल तळहातावर घेऊन रंग, आकार, ओल बघतो आणि मगच बोली लावतो. बातमीही तशीच हातात घेऊन पाहावी लागते. मूळ ओळ पाहिली. तिच्यात म्हटलं होतं, शेतकऱ्याने पुरवठा केला तर बेदाण्यावर जीएसटी देय नाही, असं स्पष्ट करण्याची शिफारस. म्हणजे सूट शेतकऱ्याची होती, बेदाण्याची नव्हती. आपल्या शेतातलं पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीच लागत नाही, हे कलम २३ मध्ये आधीपासून आहेच. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला विकलेल्या बेदाण्यावर कर तसाच होता. शिवाय परिषदेचं पत्रक म्हणजे कायदा नव्हे. अशा पत्रकाच्या शेवटी एक टीप असते, की ही माहिती सोप्या भाषेत दिली आहे, अंमल परिपत्रकं, अधिसूचना आणि कायद्यातल्या दुरुस्त्यांनी होईल आणि कायद्याचं बळ फक्त त्यांनाच असेल. ती टीप कुणीच पुढे पाठवत नाही, कारण तिच्यापुढे तीन उद्गारचिन्हं टाकता येत नाहीत.

आम्ही त्या रात्री प्रश्नोत्तरांची खोली काही तासांसाठी फक्त ॲडमिनांपुरती केली. हा प्रकार आम्ही फार क्वचित करतो, आणि तो आम्हाला आवडतही नाही, कारण बंद दारामागे लोक खाजगीत जास्तच जोरात पाठवतात. घोषणेत चार ओळी टाकल्या: मूळ वाक्य काय, त्याचा अर्थ काय, परिपत्रक अजून आलेलं नाही, तोवर बिलं पूर्वीसारखीच. त्या ओळी वर टाचून ठेवल्या. परिपत्रक आलं १४ फेब्रुवारी २०२५ ला, क्रमांक २४७. मधल्या आठवड्यांत ‘ऐकीव’ हा शब्द आमच्या ग्रुपवर चांगला रुळला. पूर्वी लोकांना तो लिहिण्याची लाज वाटायची. आता विट्याचे सर स्वतः लिहितात, ‘ऐकीव आहे, पण खात्रीलायक माणसाकडून.’ यात ऐकीव किती आणि खात्री किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मुदतवाढीच्या अफवा हा याच जातीचा, पण जास्त चिवट प्रकार. २०२५ च्या जानेवारीत पोर्टल खरंच बंद पडलं आणि १० तारखेला अधिसूचना निघून डिसेंबर महिन्याच्या विवरणाच्या तारखा दोन दोन दिवसांनी पुढे गेल्या, जीएसटीआर-१ ची ११ वरून १३, आणि ३बी ची २० वरून २२. ते खरं होतं. त्या अधिसूचनेचा फोटो मग फेब्रुवारीत परत आला. मार्चमध्येही आला. फोटोत महिना वरच्या कोपऱ्यात होता आणि तो कोपरा कापला गेला होता. आता कुणी तारीख वाढल्याचं टाकलं की आमच्यातला कुणीही, ॲडमिन असायची गरज नाही, एवढंच विचारतो: ‘क्रमांक?’ अधिसूचनेचा क्रमांक आला तर बातमी, नाही आला तर इच्छा.

चुकीची उत्तरं येतातच, आणि त्यांची एक तांत्रिक बाजू आहे. पाठवलेला निरोप पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, नंतर नाही. माणसाला आपली चूक साधारण विसाव्या मिनिटाला कळते. तोवर त्या उत्तराला सहा अंगठे मिळालेले असतात, आणि अंगठे बघून लोक उत्तराचा खरेपणा ठरवतात. म्हणून आम्ही पुसू नका म्हणतो. त्याच निरोपाला धरून खाली ‘दुरुस्ती’ असा शब्द टाकून नवं लिहा. पुसलं, तर ज्याने आधीच वाचून क्लायंटला सांगितलं त्याला कळणारच नाही. हे मान्य व्हायला वेळ लागला, कारण आमच्या व्यवसायात दुरुस्ती म्हटलं की व्याज आठवतं.

रागावून ग्रुप सोडण्यातली मजा मात्र व्हॉट्सॲपनेच काढून घेतली. पूर्वी कुणी बाहेर पडलं की सगळ्यांना ओळ दिसायची, खळबळ उडायची, दोघं-तिघं समजूत काढायला जायचे. २०२२ पासून ती ओळ फक्त ॲडमिनांना दिसते. एक सर कुणाशी तरी वाद होऊन तिरीमिरीत बाहेर पडले. तीन आठवड्यांनी एका लग्नात भेटले तेव्हा म्हणाले, ‘मी नसल्याने चर्चा थंडावली असेल.’ मी म्हटलं, ‘हो, जाणवतं.’ दुसऱ्या दिवशी ते परत आले. कुणालाच कळलं नाही.

राहिला शेवटचा नियम, निकाल कळवण्याचा. ग्रुपला आठवण नसते. नवा माणूस आला की मागली वर्षं त्याला दिसत नाहीत, आणि जुन्यालाही शोधून सापडत नाही, कारण एकच गोष्ट कुणी ‘bedana’ लिहितो, कुणी ‘बेदाणा’, कुणी ‘raisin’, आणि क्रेडिटला तर ‘ITC’ पासून ‘इनपुट’, ‘सेटऑफ’ इथपर्यंत काहीही. म्हणून प्रश्नाच्या सुरुवातीला फॉर्मचं नाव पोर्टलवर दिसतं तसंच, `DRC-01C` किंवा `ASMT-10` असं लिहायचं ठरलं. मिरजेचे मित्र दर रविवारी सकाळी आठवड्याचे प्रश्न एका तक्त्यात भरतात: फॉर्म, प्रश्न, उत्तर, आधार, आणि शेवटचा रकाना ‘निकाल’. या शेवटच्या रकान्यासाठीच तक्ता आहे, असं मी मानते. कायदा पुस्तकात मिळतो. पण ग्रुपवर मिळालेलं उत्तर लिहून दिल्यावर ते चाललं का, अधिकाऱ्याने पुन्हा काही विचारलं का, की एएसएमटी-१२ म्हणजे मान्य असल्याचं पत्र आलं, हे फक्त विचारणाराच सांगू शकतो. आणि काम झालेला माणूस परत येत नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. गरज संपलेल्याला इंटरनेट नसतं.

म्हणून ज्यांचा निकाल आला नाही त्या ओळीपुढे मित्र ‘उघडा’ असं लिहितात आणि महिन्यातून एकदा त्या सगळ्यांना खाजगीत निरोप जातो. डीआरसी-०१सी वाल्यांनी दहा दिवसांत कळवलं होतं, उत्तर भरलं आणि जीएसटीआर-१ सुरळीत गेलं. बहुतेकांचे निकाल असेच, एका ओळीचे असतात. काहींचे नाहीत. तक्त्यातली सगळ्यात जुनी उघडी ओळ एका एएसएमटी-१० ची होती. त्यावर ग्रुपने दोन दिवस घालवले होते, तीन ज्येष्ठांनी मसुदा तपासून दिला होता. महिन्यामागून महिने निरोप जात होता आणि निळ्या खुणा उमटत होत्या. गेल्या आठवड्यात उत्तर आलं.

‘माहीत नाही सर. तो क्लायंट आता तुमच्याकडेच आहे ना?’

मित्रांनी फाईल काढून बघितली. होता. विवरणं वेळेवर जात होती, फीसुद्धा आली होती. त्या जुन्या नोटिशीचं काय झालं हे मात्र त्यांनी त्याला कधी विचारलंच नव्हतं. तक्त्यात ते अजून ‘उघडा’च आहे, फक्त त्यापुढे आता त्यांचं स्वतःचं नाव आलं आहे, आणि पुढच्या महिन्यात त्यांना निरोप मी पाठवणार आहे.